बिल पास करण्यापूर्वी पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल यांची जुळणी कशी करावी: कास्टिंगच्या खरेदीचे एक उदाहरण

कोल्हापुरातील एखाद्या मशीन शॉपच्या अकाउंट्स विभागात नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीकडे बहुधा पहिल्याच आठवड्यात फाउंड्रीच्या बिलांचा गठ्ठा येतो. पर्चेस ऑर्डर, स्टोअरने केलेली माल-आवक नोंद म्हणजे जीआरएन आणि पार्टीचे बिल हे तीन कागद समोर ठेवून त्यांतील नग, दर आणि रक्कम एकमेकांशी जुळतात का हे पाहायचे, एवढेच काम तिला सांगितलेले असते. बोल्ट, बेअरिंग किंवा कटिंग ऑइल यांच्या बाबतीत ते खरोखर तेवढेच असते. कास्टिंगचे तसे नाही. कास्टिंगची मागणी नगांत होते, दर किलोला ठरतो, गेटवर गाडीचे एकत्रित वजन होते आणि क्यूसी पुन्हा नगांतच माल पास किंवा रिजेक्ट करते. तीन कागद तीन वेगळ्या मापांत बोलत असल्यामुळे वरवर जुळलेले बिलही चुकीचे असू शकते. हा लेख म्हणून केवळ कास्टिंगच्या बिलाविषयी आहे. ते नीट जमले की इतर बिले सोपी जातात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक व्यवहार घेऊ. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपने शिरोलीच्या एका फाउंड्रीला बेअरिंग हाउसिंगच्या ४०० कास्टिंगची ऑर्डर दिली. एका नगाचे प्रमाण वजन १२.५ किलो आणि दर ९६ रुपये किलो, अधिक १८ टक्के जीएसटी. पैसे प्रत्यक्ष वजनावर द्यायचे, मात्र प्रमाण वजनापेक्षा २ टक्क्यांहून अधिक वजन झाल्यास त्या जादा वजनाचे पैसे मिळणार नाहीत, अशी अट ऑर्डरमध्ये लिहिलेली आहे. माल ६ जूनला आला. त्याच तारखेच्या बिलात ४०० नग, ५,१८० किलो आणि ९८ रुपये दर आहे. करपूर्व रक्कम ५,०७,६४० रुपये आणि करासह ५,९९,०१५.२० रुपये.

## आधी जमवायचे कागद

- पर्चेस ऑर्डर आणि तिच्यात नंतर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची सही असलेली प्रत
- पार्टीचे मूळ बिल आणि मालासोबत आलेले चलन
- आपल्या वजनकाट्याची पावती, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन दाखवणारी
- गेटच्या इनवर्ड रजिस्टरमधील नोंदीचा क्रमांक
- जीआरएन आणि क्यूसीचा तपासणी अहवाल
- पार्टी सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्यास तिचे उद्यम प्रमाणपत्र

यांपैकी वजनाची पावती किंवा क्यूसी अहवाल नसेल तर जुळणी सुरूच करू नये. “पावती नंतर देतो, तेवढे बिल चढवून ठेवा” असा निरोप स्टोअरकडून येतो. चढवलेले बिल पुढे तपासलेले बिल समजले जाते आणि पावती मागायची राहून जाते.

## १. प्रथम ऑर्डर वाचा, बिल नंतर

बिल आधी वाचले की त्यातील आकडे डोक्यात बसतात आणि मग ऑर्डरमध्ये आपण तेच शोधू लागतो. म्हणून ऑर्डर उघडून पाच गोष्टी स्वतंत्र कागदावर उतरवून घ्या: नग, प्रमाण वजन, वजनाची कमाल मर्यादा, दर, आणि पैसे देण्याची मुदत. आपल्या उदाहरणात कमाल मर्यादा १२.५ किलोवर २ टक्के, म्हणजे नगाला १२.७५ किलो येते.

वजनाच्या मर्यादेची ही अट ऑर्डरमध्ये नसेल, तर जादा वजनाचे पैसे अकाउंट्सने स्वतःच्या अधिकारात कापू नयेत. अशा वेळी बिल पर्चेसकडे लेखी शेऱ्यासह पाठवावे आणि निर्णय त्यांच्याकडून लेखी घ्यावा.

दराच्या बाबतीत नेमका दिनांक पाहा. पिग आयर्न आणि भंगाराचे भाव हलले की फाउंड्री दरवाढ मागते, आणि पर्चेस ती बऱ्याचदा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मान्य करते. जुळणीसाठी असा होकार पुरेसा नाही. क्रमांक आणि लागू होण्याची तारीख असलेली ऑर्डर-दुरुस्ती हवी. ती तारीख माल आल्यानंतरची असेल तर या बिलाला जुनाच दर लागेल. मात्र दर माल पाठवण्याच्या तारखेवर ठरेल की ऑर्डरच्या तारखेवर, हे त्या दुरुस्तीत लिहिलेले असायला हवे. आपल्या उदाहरणात दुरुस्ती नाही, त्यामुळे दर ९६ रुपयेच राहतो.

## २. जीआरएन स्वतंत्रपणे तयार झाली आहे का, हे पाहा

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि नवशिके लोक नेमकी हीच सोडतात. तिसऱ्या कागदाचा उपयोग इतकाच की तो पार्टीने लिहिलेला नसतो. स्टोअरमधील माणसाने माल न मोजता चलनावरील आकडे पाहून जीआरएन भरली, तर आपल्या हातात तीन कागद दिसत असले तरी पुरावा दोनच कागदांचा असतो, आणि जुळणी दर वेळी बिनचूक निघते. अशी बिनचूक जुळणीच संशयास्पद समजावी.

नक्कल ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कित्येक महिने एकाही जीआरएनमध्ये एखादा नग कमी किंवा जास्त नसणे, ही पहिली. जीआरएनमधील वजन बिलातील वजनाशी किलो-किलोने तंतोतंत जुळणे, ही दुसरी. कारण दोन वेगळ्या काट्यांवर केलेली वजने सहसा इतकी एकसारखी येत नाहीत, आणि १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या काट्यावर ५,१८३ किलो असा आकडा येऊच शकत नाही. तिसरी खूण वेळेची: जीआरएनची वेळ रिकाम्या गाडीच्या वजनाच्या वेळेआधीची असेल, तर ती निव्वळ वजन कळण्यापूर्वीच बनवलेली आहे.

वजनाच्या पावतीतही दोन गोष्टी पाहाव्यात. भरलेली गाडी तोलताना चालक आणि मदतनीस गाडीत बसलेले असतील तर रिकामी गाडी तोलतानाही ते तसेच बसलेले असावेत. नाहीतर दोन माणसांचे वजन कास्टिंगच्या भावाने विकत घेतले जाते. आणि माल लोखंडी बिन किंवा पॅलेटमध्ये आला असेल तर त्यांचे वजन वजा केलेले असावे. गाडी आली तेव्हा बिन भरलेले होते आणि ते आपल्याकडेच उतरून राहिले, तर रिकाम्या गाडीच्या वजनात ते येत नाहीत आणि त्यांचे वजन मालात मिसळते.

आपल्या उदाहरणात जीआरएन सांगते: मोजलेले नग ३९६, निव्वळ वजन ५,१३० किलो; क्यूसीने ब्लोहोल म्हणजे ओतकामात राहिलेल्या पोकळ्यांमुळे रिजेक्ट केलेले नग ९; स्वीकृत नग ३८७.

## ३. सगळे आकडे एका मापावर आणा

आता बिल हाती घ्या. ५,१८० किलोला ४०० नगांनी भागले तर सरासरी १२.९५ किलो येते. आपल्या काट्याचे ५,१३० किलो भागिले ३९६ नग, हेही साधारण १२.९५ येते. या भागाकाराने दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली, चार नगांचा तुटवडा खरा आहे, कारण बिलातील वजन आणि आपले वजन यांतील ५० किलोंचा फरक जवळपास चार नगांच्या वजनाएवढा आहे. मोजणीत चूक झाली असती तर सरासरी जुळली नसती. दुसरी, फाउंड्रीने वजन फुगवलेले नाही. कास्टिंगच जड ओतले गेले आहे. पॅटर्न झिजणे किंवा साचा फुगणे यांमुळे असे होते.

परंतु वजन खरे आहे म्हणून ते देय ठरत नाही, आणि येथे अनेकांची गल्लत होते. काट्याने बिलाची पुष्टी केली की बिल पास करण्याकडे मन वळते. पण ऑर्डरने मर्यादा १२.७५ किलोंची घातली आहे, आणि मशिनिंगमध्ये ते जादा लोखंड चिप्स होऊन भंगारातच जाणार आहे.

म्हणून देय रक्कम काढण्याचा क्रम असा: स्वीकृत नग घ्या, त्यांना प्रत्यक्ष सरासरी वजन आणि कमाल वजन यांपैकी कमी असलेल्या आकड्याने गुणा, आणि येणाऱ्या किलोंना ऑर्डरचा दर आणि बिलाचा दर यांपैकी कमी असलेल्या दराने गुणा. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत हे बसते. खालील सूत्रात B2 मध्ये स्वीकृत नग, C2 मध्ये प्रत्यक्ष सरासरी वजन, D2 मध्ये कमाल वजन, E2 मध्ये ऑर्डरचा दर आणि F2 मध्ये बिलाचा दर आहे.

```
=ROUND(B2*MIN(C2,D2)*MIN(E2,F2),2)
```

आपल्या उदाहरणात ३८७ नग गुणिले १२.७५ म्हणजे ४,९३४.२५ किलो, आणि त्याचे ९६ रुपये दराने ४,७३,६८८ रुपये होतात. त्यावर १८ टक्के कर ८५,२६३.८४ रुपये धरून देय रक्कम ५,५८,९५१.८४ रुपये येते.

प्रत्यक्ष सरासरी प्रमाण वजनापेक्षा बरीच कमी आली, तर सूत्र कमी पैसे देऊन गप्प बसेल, पण तुम्ही गप्प बसू नका. हलके कास्टिंग म्हणजे कुठेतरी भिंत पातळ असण्याची शक्यता आहे. ती बाब क्यूसीच्या नजरेस आणून द्यावी.

## ४. फरकाची कारणे वेगळी करा

बिल आणि देय रक्कम यांतील करपूर्व फरक ३३,९५२ रुपये आहे. पार्टीला केवळ हा एकच आकडा कळवला तर वाद निश्चित होतो, कारण फाउंड्रीचा मालक चार कारणांना चार वेगळी उत्तरे देणार असतो. म्हणून फरकाची फोड करून दाखवावी:

- दरातील फरक: बिलातील ५,१८० किलोंवर २ रुपयांप्रमाणे १०,३६० रुपये
- कमी आलेले ४ नग: ५१.८ किलो, ४,९७२.८० रुपये
- रिजेक्ट झालेले ९ नग: ११६.५५ किलो, ११,१८८.८० रुपये
- स्वीकृत ३८७ नगांवरील जादा वजन, नगामागे २०० ग्रॅम: ७७.४ किलो, ७,४३०.४० रुपये

दराचा फरक एकदाच, संपूर्ण बिलाच्या किलोंवर काढला आहे आणि पुढील तिन्ही कारणे ऑर्डरच्या ९६ रुपयांनी मोजली आहेत, याकडे लक्ष द्या. रिजेक्ट नगांचे पैसे ९८ रुपयांनी कापले आणि वर संपूर्ण बिलावर दराचा फरकही घेतला, तर त्या किलोंचे २ रुपये दोनदा कापले जातात. चारही आकड्यांची बेरीज ३३,९५२ रुपये यायलाच हवी. ती येत नसेल तर कुठेतरी असेच दुबार झाले आहे.

## ५. हरकत लेखी कळवा, आणि पंधरा दिवसांच्या आत

कोल्हापुरातील पुष्कळ फाउंड्र्या सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या आहेत आणि त्यांना २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार असेल तर मालाच्या स्वीकृतीपासून ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आयकरात ती रक्कम, मुदत उलटल्यास, प्रत्यक्ष दिल्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते.

मुदत बिल टेबलावर आल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही. डिलिव्हरीपासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. हरकत घेतली असेल तर पुरवठादाराने ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. आपल्या उदाहरणात ऑर्डरमध्ये ४५ दिवसांची लेखी मुदत आहे असे धरू. हरकतच घेतली नाही तर शेवटची तारीख २१ जुलै येते. ९ जूनला ईमेलने हरकत कळवली आणि फाउंड्रीने १६ जूनला ती मिटवली, तर ३१ जुलै येते. फोनवर झालेले बोलणे या हिशेबात धरले जात नाही. मी स्वतः मात्र अशा बिलांना नेहमी अलीकडचीच तारीख लावते, म्हणजे वादग्रस्त नसलेली रक्कम २१ जुलैपूर्वी जाते आणि हरकत नेमकी कधी मिटली यावर पुढे कोणी बोट ठेवू शकत नाही.

हरकतीच्या पत्रात बिल क्रमांक, जीआरएन क्रमांक, वरील चार ओळी, वजनाच्या पावतीची आणि क्यूसी अहवालाची प्रत, एवढे असावे. “माल बरोबर नाही, बोलून घ्या” असे लिहिणे म्हणजे न लिहिल्यासारखेच आहे.

## ६. डेबिट नोट आणि क्रेडिट नोट यांत गल्लत करू नका

आपण काढलेली डेबिट नोट पार्टीच्या खात्यातील येणे-देणे दुरुस्त करते. जीएसटीची दुरुस्ती मात्र पुरवठादाराने काढलेल्या क्रेडिट नोटेनेच होते, कारण कर त्याने भरायचा आणि विवरणपत्रात त्याने दाखवायचा असतो. म्हणून कराच्या ६,१११.३६ रुपयांसह एकूण ४०,०६३.३६ रुपयांची क्रेडिट नोट फाउंड्रीकडून मागावी.

मधल्या काळात जीएसटीआर-२बी मध्ये मूळ बिलाचा पूर्ण कर दिसत राहतो आणि तेवढे इनपुट टॅक्स क्रेडिट घेऊन टाकण्याचा मोह होतो. जे चार नग आलेच नाहीत त्यांच्यावर क्रेडिट मिळत नाही, कारण माल मिळणे ही क्रेडिटची अटच आहे. क्रेडिट जुळलेल्या ८५,२६३.८४ रुपयांपुरते धरावे आणि फरकाची नोंद ठेवून ती क्रेडिट नोट आल्यावर बंद करावी. विवरणपत्रात ते कसे दाखवायचे हे आपल्या कर सल्लागाराशी एकदा ठरवून घेतले की दर महिन्याला विचारावे लागत नाही.

टॅलीत काम करत असाल तर जीआरएन `Receipt Note` म्हणून चढवलेली असते आणि बिल चढवताना तिचाच `Tracking No.` निवडावा लागतो. तो न निवडता बिल थेट चढवले तर साठ्यात तोच माल दोनदा दिसतो, आणि जीआरएन “बिल यायचे आहे” या यादीत तशीच पडून राहते. महिन्याच्या शेवटी ती यादी उघडून पाहणे हा अशा चुका पकडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

## ७. बदली मालाचा सापळा

फाउंड्री अनेकदा म्हणते, “क्रेडिट नोट कशाला, पुढच्या गाडीत तेरा नग बदली देतो.” व्यवहार म्हणून यात वावगे काही नाही, पण दोन वाटांपैकी एकच वाट निवडावी लागते आणि ती हरकतीच्या उत्तरातच लिहून घ्यावी लागते.

पैसे कापून क्रेडिट नोट घेतली असेल, तर नंतर येणारे तेरा नग हा नवा पुरवठा आहे. त्याला नवे बिल हवे आणि नवी जीआरएनही. क्रेडिट नोट न घेता बदली माल स्वीकारायचा असेल, तर आलेले नग मूळ ऑर्डरच्या त्याच ओळीवर आणि त्याच बिलाच्या संदर्भाने नोंदवावे, आणि ते येऊन क्यूसीत पास होईपर्यंत त्यांचे पैसे रोखून धरावे. घोटाळा होतो तो दोन्ही वाटा एकत्र झाल्यावर. स्टोअर बदली मालाची साधी जीआरएन करते, पुढच्या बिलात फाउंड्री तेच तेरा नग धरते, आणि अकाउंट्सला जीआरएन सापडल्यामुळे बिल जुळते. म्हणून बदली मालाच्या जीआरएनवर मूळ जीआरएनचा क्रमांक लिहिण्याची सवय स्टोअरला लावावी.

मशिनिंग करताना उघड होणारे ब्लोहोल ही वेगळी गोष्ट आहे. वरून चांगले दिसलेले आणि पास झालेले हाउसिंग बोअर करताना आतून सच्छिद्र निघते, तेव्हा बिल कधीच पास होऊन पैसेही गेलेले असतात. अशा नगांसाठी जुनी जीआरएन उघडून त्यात स्वीकृत नग कमी करू नयेत. तसे केले की आधी जुळलेले बिल मागे जाऊन न जुळणारे होते आणि ऑडिटला उत्तर देता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र रिजेक्शन नोट काढावी आणि ऑर्डरमधील मशिनिंग रिजेक्शनच्या अटीप्रमाणे पुढील व्यवहार करावा. काही ऑर्डरमध्ये फक्त कास्टिंगची किंमत परत मिळते, काहींत मशिनिंगचा खर्चही मिळतो.

## ८. पैसे सोडताना

बिल पास करण्यापूर्वी तेच बिल आधी चढले नाही ना, हे पाहा. मूळ प्रत आणि ईमेलची पीडीएफ अशी एकाच बिलाची दोन आगमने होतात आणि क्रमांकाच्या लेखनातील तिरपी रेघ किंवा आरंभीची शून्ये यांमुळे प्रणाली त्यांना वेगळी समजते. म्हणून शोध क्रमांकावर न घेता पार्टी आणि रक्कम यांवर घ्यावा. ऑर्डर अनेक हप्त्यांत पूर्ण होत असेल तर आजवरच्या सर्व बिलांतील नगांची बेरीज ऑर्डरच्या नगांपुढे जात नाही ना, हेही येथेच पाहावे.

रुपया-दोन रुपयांचा पूर्णांकाचा फरक सोडून द्यावा, पण दरातील फरक कितीही लहान असला तरी सोडू नये, कारण एका बिलात चालून गेलेला दर पुढच्या बिलात ठरलेला दर म्हणून येतो. बिल जुळले नाही आणि वरून “गणपती तोंडावर आले आहेत, पार्टीला पैसे देऊन टाका” असा निरोप आला, तर जुळलेले ५,५८,९५१.८४ रुपये, लागू असल्यास टीडीएस वजा करून, लगेच द्यावेत आणि वादातील रक्कम मागे ठेवावी. संपूर्ण बिल अडवून धरण्याचे काहीच कारण नसते.

बँकेतून पैसे गेल्यावर त्याच दिवशी पार्टीला पाठवायच्या सूचनेत बिलाची रक्कम, कपातीच्या चार ओळी आणि दिलेली रक्कम लिहावी, आणि क्रेडिट नोट अद्याप यायची आहे असे नमूद करावे. ती नोट २बी मध्ये दिसेपर्यंत हे बिल प्रलंबित यादीतून काढू नये.